बोर्डावरचं बारावं नाव

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सूचना फलक टाइम ऑफिसच्या बाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी होता. १६ एप्रिल २०१८ ला सकाळी त्यावर दोन पानं चिकटवलेली दिसली. वर लिहिलं होतं, प्रेस ऑपरेटर, सेवाज्येष्ठता यादी. खाली वीस नावं, प्रत्येकापुढे रुजू झाल्याची तारीख, आणि शेवटच्या बारा नावांसमोर पेनाने केलेली फुली. त्या बारांत सर्वांत वर, म्हणजे अगदी काठावर, माझं नाव होतं.

"तुह्यं बी नाव आहे बे त्याच्यात," मागून कोणीतरी म्हणालं. मी तारीख वाचली. १ जुलै २००२.

ती तारीख चूक नव्हती, पण अर्धवट होती. १ जुलै २००२ ला मी कायम झालो. कामावर लागलो ९ ऑगस्ट १९९९ ला. मधली तीन वर्षं मी 'टेम्पररी' होतो. सात-आठ महिने काम झालं की चार-पाच दिवस घरी बसवायचे आणि परत बोलवायचे. त्याआधी एक वर्ष मी तिथेच अप्रेंटिस होतो. ते वर्ष मी कधीच मागितलं नाही, कारण शिकाऊ उमेदवार कायद्याखालचं वर्ष कामगार म्हणून केलेली नोकरी धरत नाहीत. पण टेम्पररीचं तसं नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ब प्रमाणे कामगाराची चूक नसताना काम थांबलं असेल तर सेवा अखंडच धरतात. शिवाय बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष भरलं, आणि त्या २४० मध्ये साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सुट्ट्याही मोजायच्या असतात. माझे दर वर्षी त्याच्या पुष्कळ वर भरत होते.

हे मला पूर्वी एवढं नीट माहीत नव्हतं. ते कळलं लेऑफच्या दोन महिन्यांत, म्हणून आधी तेच सांगतो.

फेब्रुवारीत ऑर्डर आटल्या आणि ५ तारखेपासून प्रेस शॉपला लेऑफ लागला. लेऑफ म्हणजे नोकरी जात नाही, काम नाही म्हणून बसवून ठेवतात. त्या दिवसांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांचा निम्मा हिस्सा द्यावा लागतो. माझे दोन्ही मिळून १३,६०० होते, म्हणजे दिवसाला साधारण २६० रुपये पडायचे. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी गेटवर येऊन हजेरी लावायची. न आलात तर त्या दिवसाचे पैसे गेले. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाडीहून सायकल मारत यायचं, रजिस्टरवर सही करायची आणि परत जायचं. बरेच जण कंटाळून यायचे बंद झाले, रंगकामाला, हमालीला जाऊ लागले. आम्ही काही जणांनी मात्र एकही दिवस चुकवला नाही.

४५ दिवस भरल्यावर टाइम कीपरने सांगितलं, आता पैसे नाहीत, कायद्यात पंचेचाळीसच दिवस आहेत. आम्ही पाच जण सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आम्हाला कलम २५-क वाचून दाखवलं. एका वर्षात ४५ दिवसांनंतर भरपाई थांबते, पण कामगारांशी तसा करार झालेला असेल तरच. आमचा कसलाच करार नव्हता. मग त्याच कलमातला पुढचा भाग त्यांनी वाचला. पहिल्या ४५ दिवसांनंतर मालक कामगाराला कपातीत, म्हणजे नोकरीवरून कमी करून, काढू शकतो, आणि आधीच्या बारा महिन्यांत दिलेली लेऑफ भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करू शकतो. "तयारी ठेवा," ते म्हणाले, "पुढची पायरी तीच दिसते. लागल्या तारखेचा काही कागद असेल तर शोधून ठेवा."

त्या एका वाक्यामुळे मी घरातली पत्र्याची पेटी उपसली. नियुक्तिपत्र मला कधी मिळालंच नव्हतं. पण पीएफची १९९९-२००० ची वार्षिक स्लिप सापडली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. तिच्यात माझा खाते क्रमांक होता आणि सप्टेंबर १९९९ पासूनची वर्गणी महिन्यामहिन्याने छापलेली होती. बायकोने ती स्लिप प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावला.

म्हणून १६ एप्रिलला यादी लागली तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. अशी यादी कपातीच्या निदान सात दिवस आधी लावावी लागते, आणि ते सात दिवस आक्षेप घेण्यासाठीच असतात. कायद्याचं म्हणणं साधं आहे: त्या वर्गातला जो शेवटी आला तो आधी जाईल. मालकाला हा क्रम मोडायचा असेल तर त्याने कारण लेखी नोंदवलं पाहिजे. इथे 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. क्रम पूर्ण कारखान्याचा लागत नाही, प्रेस ऑपरेटर प्रेस ऑपरेटरशीच तोलला जातो. वेल्डिंगमध्ये आमच्यापेक्षा नवी पोरं होती आणि ती राहिली. त्यावरून आमच्यात फार भांडणं झाली, पण त्यात बेकायदा काही नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. सोबत स्लिपची झेरॉक्स जोडली आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. चौथ्या दिवशी सुधारित यादी लागली. माझ्यापुढे आता ९ ऑगस्ट १९९९ होतं आणि फुली नव्हती.

पण फुल्या बाराच राहणार होत्या. माझी सरकली ती माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसासमोर गेली. तो आयटीआय करून जानेवारी २००१ मध्ये थेट कायम म्हणून लागला होता. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, सतरा वर्षं शेजारी उभा राहिलेला. दोघांचा डबा एकाच वेळी उघडायचा. पहिल्या यादीत तो सुटला होता, माझ्या अर्जाने अडकला.

त्या संध्याकाळी तो सायकल स्टँडवर थांबला होता. "भाऊ, तुमी बरोबरच केलं," तो म्हणाला. "तारीख तुमचीच आधीची आहे. पन मी आता कुठं जाऊ, सांगा." मला काही सांगता आलं नाही. आम्ही टी-पॉइंटपर्यंत सायकली हातात धरून चालत गेलो. पोरीची दहावी आहे, एवढंच तो मध्ये एकदा बोलला.

३० एप्रिलला बारा जणांना काढलं. प्रत्येकाला लेखी पत्र, त्यात कारण, एका महिन्याच्या नोटिशीऐवजी एका महिन्याचा पगार, आणि दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणे भरपाई. चेक त्याच दिवशी गेटवर हातात दिले. कंपनीने हे दिलदारीने केलं असं तेव्हा आम्हाला वाटलं. तसं नव्हतं. कपातीत नोटीस आणि भरपाई ही आधी पुरी करायची अट आहे. पैसे दिल्याशिवाय काढलं तर ती कपातच बेकायदा ठरते आणि माणूस परत नोकरी मागू शकतो. म्हणून त्यांच्या वकिलाने हिशोब चोख करवून घेतला होता. हे पुढे आमच्या कामी आलं.

मी राहिलो, पण साडेसहा महिनेच. १४ सप्टेंबरला गेटवर दुसरी नोटीस लागली, कारखाना १५ नोव्हेंबर २०१८ पासून कायमचा बंद. आम्ही आता ६२ जण उरलो होतो. पन्नास किंवा जास्त कामगार असले की बंद करण्याआधी ६० दिवस सरकारला कळवावं लागतं, तेवढं त्यांनी केलं. शंभर किंवा जास्त असतो तर नुसतं कळवून भागलं नसतं, आधी परवानगी घ्यावी लागली असती.

नोटिशीच्या शेवटी भरपाईची ओळ होती. मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य परिस्थितीमुळे कारखाना बंद होत असल्याने प्रत्येकास तीन महिन्यांचा पगार. माझ्या वाट्याला १३,६०० च्या तिप्पट, ४०,८००. एकोणीस वर्षांचे.

त्याच आठवड्यात ऑफिसात एकेकाला बोलावणं सुरू झालं. टेबलावर दोन कागद असायचे, एक राजीनामा आणि एक 'पूर्ण व अंतिम' पावती. सही केली तर तीन महिन्यांऐवजी चार महिन्यांचा पगार आठ दिवसांत, असं सांगत होते. नऊ जणांनी सह्या केल्या. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाचा हप्ता थकला होता, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण राजीनाम्याच्या सहीने काय होतं हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ना कपातीची भरपाई, ना बंदची. पुढे ते आमच्या बाजूने उभे राहायला आले तेव्हा कंपनीने तोच कागद पुढे केला. त्यांतल्या दोघांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचे अंगठे होते. मला त्याचा आजही राग येतो.

उरलेल्या त्रेपन्न जणांनी पाच प्रतिनिधी निवडले आणि आम्ही सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज केला. पहिली बैठक डिसेंबरात झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने दोन वर्षांचे ताळेबंद ठेवले, तोटा दाखवला, गोदामात पडून असलेला माल दाखवला. एवढी अडचण असताना कारखाना बंद करणं अपरिहार्यच होतं, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडून कलम २५-एफएफएफ काढलं. तीन महिन्यांची कमाल मर्यादा तिथे खरोखरच आहे. अपरिहार्य कारणाने बंद झालेल्या कारखान्यासाठी ती आहे. पण लगेच खाली स्पष्टीकरण आहे: केवळ आर्थिक अडचण किंवा तोटा, न विकलेल्या मालाचा साठा, भाडेपट्ट्याची किंवा परवान्याची मुदत संपणं, ही कारणं अपरिहार्य धरायची नाहीत. साहेबांनी ते दोनदा वाचलं, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत सांगून. त्या दिवसाआधी मी आयुष्यात कधी कायद्याचं कलम ऐकून रडवेला झालो नव्हतो. कंपनीने जी दोन कारणं मांडली होती, नेमकी तीच दोन त्यात नाव घेऊन वगळलेली होती.

पुढच्या बैठकीत कंपनी दर वर्षाला पंधरा दिवसांवर आली. आता भांडण तीन गोष्टींवर होतं, आणि माझ्याच आकड्यांवर ते सांगतो.

पहिली गोष्ट तारीख. बंदच्या हिशोबात त्यांनी परत २००२ धरलं होतं. १ जुलै २००२ ते १५ नोव्हेंबर २०१८ म्हणजे सोळा वर्षं आणि साडेचार महिने. सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्याहून कमी असेल तर सोडून देतात, म्हणून सोळा. १९९९ पासून मोजलं तर एकोणीस वर्षं तीन महिने, म्हणजे एकोणीस. इथे मला बोलावंच लागलं नाही. त्यांच्याच शिक्क्याची, एप्रिलमधली सुधारित ज्येष्ठता यादी मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली होती. यादीत एक तारीख आणि चेकमध्ये दुसरी, असं चालत नाही. माझ्यासारखे आणखी अकरा जण टेम्पररीतून आलेले होते. त्यांच्यासाठी पीएफ कार्यालयातून जुने तपशील काढावे लागले, त्यात महिना गेला.

दुसरी गोष्ट पगार. कंपनी पंधरा दिवसांचा पगार १३,६०० वर काढत होती, म्हणजे ६,८००. पण माझा पूर्ण पगार घरभाडं आणि इतर ठरलेले भत्ते धरून १६,८०० होता. या कायद्यातली वेतनाची व्याख्या रुंद आहे. तिच्यात भत्ते येतात, बोनस येत नाही, मालकाची पीएफ वर्गणी येत नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात मात्र फक्त मूळ पगार आणि महागाई भत्ता. कंपनीने ग्रॅच्युइटीची व्याख्या भरपाईला लावली होती. मग आम्हीही ग्रॅच्युइटीसारखं २६ ने भागून पंधराने गुणू असं आमच्यातला एक जण म्हणाला, पण साहेबांनी तिथे आम्हालाच अडवलं. २६ चा भागाकार ग्रॅच्युइटीच्या कायद्यात लिहिलेला आहे, या कायद्यात नाही. इथे महिन्याच्या सरासरी पगाराचा निम्मा, एवढंच. ते आम्ही मान्य केलं.

तरी भत्ते धरायला कंपनी तयार होईना. तेव्हा मला गेटवर दिलेले ते बारा चेक आठवले.

मी शेजारच्या मशीनवरच्या त्या माणसाच्या घरी गेलो, जयताळ्याला. सात महिन्यांत मी एकदाही गेलो नव्हतो, जायची हिंमत झाली नव्हती. त्याच्या पोरीने दार उघडलं. तो एका दुकानात शटर बसवायचं काम करत होता, हाताला पट्टी बांधलेली होती. मी संकोचत विचारलं की, चेकसोबत दिलेला हिशोबाचा कागद आहे का. त्याने काही न विचारता कपाटातून काढून दिला. त्यावर लिहिलं होतं: सरासरी मासिक वेतन १६,२००, निम्मे ८,१००, गुणिले १७, एकूण १,३७,७००. खाली महिन्याचा नोटीस पगार १६,२०० जमा आणि लेऑफचे पैसे वजा. १६,२०० हा त्याचा भत्त्यांसकट पूर्ण पगार होता. कपात बेकायदा ठरू नये म्हणून त्याच कंपनीने, त्याच वर्षी, त्याच खात्यात भत्ते धरून पैसे दिले होते.

"घेऊन जा भाऊ," तो म्हणाला. "वापस नका आनू, मले काय कामाचा."

तो कागद पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवल्यावर भत्त्यांचा वाद संपला.

तिसरी गोष्ट नोटीस पगार. कंपनीचं म्हणणं, साठ दिवसांची नोटीस लावली होती ना. पण ती सरकारला दिलेली होती. कामगाराला स्वतंत्र लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार हा वेगळा हक्क आहे, आणि आम्हाला कोणाला व्यक्तिशः पत्र मिळालं नव्हतं. माझा हिशोब मग असा झाला: ८,४०० गुणिले १९ म्हणजे १,५९,६००, अधिक नोटीस पगार १६,८००, एकूण १,७६,४००. सुरुवातीच्या ४०,८०० च्या चौपटीहून जास्त. ग्रॅच्युइटी वेगळी होती. १३,६०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १९, म्हणजे १,४९,०७७.

मार्च २०१९ मध्ये आयुक्तालयात समेटाच्या करारावर सह्या झाल्या. पण हातात पैसे नव्हते. कपातीत पैसे आधी द्यावे लागतात, कारखाना बंद करताना तसं नाही. भरपाई थकली म्हणून बंद बेकायदा ठरत नाही, ते फक्त वसूल करायचं देणं राहतं. म्हणून आम्ही करारातच तीन हप्त्यांच्या तारखा आणि रकमा नावानिशी लिहून घेतल्या. तशी रक्कम ठरलेली असली की हप्ता चुकल्यावर कलम ३३-क खाली सरकारकडे अर्ज करता येतो आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. दुसरा हप्ता चुकलाच. अर्ज केल्यावर दोन आठवड्यांत चेक आले. शेवटचा हप्ता सप्टेंबरमध्ये जमा झाला. यादीत जो खाली होता त्याला पैसे गेटवर मिळाले, मला दहा महिन्यांनी.

हे सगळं आता जुन्या कायद्याचं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. दर वर्षाला पंधरा दिवस आणि शेवटी आला तो आधी जाईल, हे तिच्यातही आहे. मात्र परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आहे. कपातीत गेलेल्या कामगाराला पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून वेगळा मिळायचा आहे. वेतनाची व्याख्याही बदलली. घरभाडं आणि प्रवासभत्ता आता वेतनातून वगळले जातात, पण वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात परत धरतात. आमचा भत्त्यांचा मुद्दा आज असाच्या असा चालणार नाही, आकडे मांडून पाहावं लागेल.

त्याच्या हिशोबाच्या कागदाबद्दल एक राहिलं. तो मी बसमध्ये परत परत वाचत होतो, आणि वाडी नाक्यापाशी लक्षात आलं की त्यात ग्रॅच्युइटीची ओळच नाही. मी तिथूनच फोन केला.

"ग्रॅच्युइटी भेटली का तुला?"

"त्याच्यातच आली म्हने सगळी," तो म्हणाला.

त्यात आलेली नव्हती. १३,१०० मूळ आणि महागाई धरून सतरा वर्षांचे १,२८,४८१ रुपये त्याचे वेगळे निघत होते, आणि तीस दिवसांत दिले नाहीत म्हणून त्यावर वर्षाला दहा टक्के साधं व्याज. रविवारी मी 'आय' नमुन्याचा अर्ज घेऊन त्याच्याकडे गेलो. उशीर का झाला याचं कारण वेगळ्या कागदावर लिहिलं: भरपाईतच सर्व आले असे तोंडी सांगण्यात आले. मग अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, खातं. रुजू झाल्याच्या तारखेपाशी मी थांबलो.

त्याने आत जाऊन पीएफची स्लिप आणली. तीही प्लास्टिकच्या पिशवीत होती.